पॅचवरचा ‘१०’ म्हणजे नक्की दहा काय?

«पॅच ओळखायला पाकीट जपून ठेवायची गरज नाही. वर जो आकडा असतो तीच ताकद. आकडा मोठा, पॅच मोठा, तेवढं औषध जास्त. दुखण्याचे पॅच सगळे तीन दिवसांनी बदलायचे. काढलेल्या पॅचमध्ये काही उरत नाही, सरळ कचऱ्यात टाका.»

अंगावर चिकटवायच्या औषधी पॅचबद्दलचा हा सल्ला चुकीचा आहे. एकेक मुद्दा घेऊ, आधी आकड्याचं बघू. ऐंशीच्या घरातले एक आजोबा कल्पनेत आणा. कंबरेचं जुनं दुखणं म्हणून ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच, छातीत दुखतं म्हणून नायट्रोग्लिसरीनचा आणि स्मृतिभ्रंशासाठी रिव्हास्टिग्मीनचा. असे तीन पॅच एकाच घरात असणं अजिबात नवलाचं नाही. आणि तिन्ही पाकिटांवर ठळक अक्षरांत ‘१०’ छापलेलं असू शकतं.

ब्युप्रेनॉर्फिनच्या पाकिटावरचा १० म्हणजे तासाला १० मायक्रोग्रॅम. पॅच सात दिवस अंगावर राहतो. नायट्रोग्लिसरीनचा १० म्हणजे २४ तासांत १० मिलिग्रॅम, तासाला साधारण ४१७ मायक्रोग्रॅम. वेग दिवसाचा लिहिलेला असला तरी हा पॅच बहुधा दिवसभर ठेवत नाहीत. बारा ते चौदा तासांनी काढतात आणि उरलेला वेळ अंग मोकळं ठेवतात, कारण सलग लावून ठेवला तर शरीराला औषधाची सवय होते आणि त्याचा उपयोग होईनासा होतो. रिव्हास्टिग्मीनच्या काही पाकिटांवरचा १० तर औषधाचा नसतोच. ते पॅचचं क्षेत्रफळ आहे, १० चौरस सेंटिमीटर. त्यातून २४ तासांत ९.५ मिलिग्रॅम औषध अंगात जातं आणि पॅच रोज बदलायचा असतो.

म्हणजे पहिला आकडा तासाचा वेग, दुसरा दिवसाचा वेग आणि तिसरा चक्क आकारमान. अमेरिकेतून मुलीने नायट्रोग्लिसरीनचे पॅच आणले तर घोळ आणखी वाढतो. तिकडे वेग तासाला मिलिग्रॅममध्ये छापतात, त्यामुळे आपल्याकडच्या १० च्या जोडीचा तिकडचा पॅच ०.४ म्हणून येतो. ‘हा फारच हलका दिसतोय, दोन लावू’ असं घरात कोणी म्हणायच्या आत आकड्यापुढचं एकक वाचलेलं बरं.

वेगवेगळ्या औषधांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात तर काहीच अर्थ नाही. डायक्लोफिनॅकच्या पॅचवर २०० असतं, फेंटानिलच्या पॅचवर २५. पहिला म्हणजे सूज-वेदनेचं नेहमीचंच औषध, गोळीऐवजी कातडीतून. दुसरं अफूवर्गीय वेदनाशामक, त्याचा परिणाम दिवसाला साठ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त तोंडी मॉर्फीन घेतल्यासारखा असतो. ज्याने कधी अफूवर्गीय औषध घेतलेलं नाही अशा माणसाला हा २५ चा पॅच लावला तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. फेंटानिलच्या सर्वांत लहान पॅचवर १२ लिहितात, खरा वेग तासाला १२.५ मायक्रोग्रॅम आहे. दशांशचिन्ह नजरेतून सुटलं तर कोणी १२५ वाचेल, म्हणून ते छापतच नाहीत. बनवणाऱ्यांनाच आकड्याची इतकी धास्ती आहे!

मग पाकीट वाचायचं कसं? ठळक अक्षरांतलं कंपनीचं नाव सोडून द्या. त्याच्याखाली बारीक टाइपात औषधाचं मूळ नाव असतं, ओळख त्या ओळीवरून पटते. नंतर वेगाची ओळ शोधा. तिथे ‘एमसीजी/एच’ असेल तर तासाला मायक्रोग्रॅम, ‘एमजी/२४ एच’ असेल तर दिवसाला मिलिग्रॅम. याशिवाय ‘या पॅचमध्ये इतकं औषध आहे’ असं सांगणारी तिसरी ओळ असते आणि सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. रिव्हास्टिग्मीनच्या त्या १० च्या पाकिटावर १८ मिलिग्रॅम लिहिलेलं सापडेल. तो पॅचमध्ये भरलेला साठा आहे, अंगात जाणारा डोस नव्हे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ९.५ लिहिलेलं असतं, पाकिटावर १० दिसतं, आत १८ असतात, आणि तिन्ही आकडे एकाच पॅचचे असतात. केमिस्टने चुकीचं दिलं म्हणून भांडायला जाण्याआधी या तीन ओळी शेजारी शेजारी ठेवून बघा.

पाकीट टाकून दिलं की हातात उरते पॅचची पाठ, म्हणजे बाहेरून दिसणारी बाजू. तिथे जागा थोडी. फार तर औषधाचं नाव आणि वेग छापलेला असतो. किती दिवस ठेवायचा हे पाठीवर बहुधा नसतंच. ते खोक्यावर, माहितीपत्रकात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असतं. त्यातून पॅच पारदर्शक असेल आणि छपाई फिकी असेल तर आंघोळी-घामानंतर काय वाचायला मिळणार? हा प्रश्न अमेरिकेच्या औषध प्रशासनालाही पडला होता. सप्टेंबर २०१३ मध्ये त्यांनी ड्युराजेसिक या फेंटानिल पॅचच्या पाठीवर नाव आणि ताकद ठळक रंगात, टिकाऊ शाईने छापायला सांगितलं. रंगावर मात्र विसंबू नका. एका कंपनीचा हिरवा तो दुसरीचा हिरवा असेलच असं नाही. आणि छपाई पाठीऐवजी मागच्या सोलून टाकायच्या कागदावर असेल, तर ओळख त्या कागदाबरोबर कचऱ्यात जाते.

म्हणून पाकीट फाडताना नाव असलेला भाग शाबूत ठेवा आणि तो वहीत चिकटवून शेजारी तारीख, वेळ आणि अंगावरची जागा लिहा. अंगावर काही लिहायचंच असेल तर पॅचवर पेन दाबू नका. कागदी चिकटपट्टीच्या तुकड्यावर आधी लिहा आणि तो पॅचच्या शेजारी लावा.

आकारमानाचं थोडक्यात. एकाच कंपनीच्या एकाच औषधात मोठा पॅच म्हणजे जास्त वेग, इथवर ठीक. पण जागा बधिर करणाऱ्या लिडोकेनचा पॅच १० बाय १४ सेंटिमीटरचा, जवळजवळ तळहाताएवढा असतो आणि त्यात ७०० मिलिग्रॅम औषध असतं. त्याचं काम मुख्यतः कातडी आणि खालच्या नसांपुरतं. फेंटानिलचा २५ चा पॅच त्याच्यापुढे टपालाच्या तिकिटासारखा. घरात लहान मूल असेल तर भीती त्या छोट्याची बाळगायची.

आता ‘तीन दिवस’. तीन दिवस, म्हणजे ७२ तास, ही मुदत फेंटानिलची. ब्युप्रेनॉर्फिनच्या ५, १० आणि २० च्या पॅचला सात दिवस लागतात. पण युरोपात त्याच औषधाचे ३५, ५२.५ आणि ७० चे पॅचही मिळतात आणि ते जास्तीत जास्त ९६ तासांनी बदलायचे असतात. औषध तेच, मुदत वेगळी, त्यामुळे नुसतं नाव वाचून भागत नाही, वेगही वाचावा लागतो. डायक्लोफिनॅकचा पॅच दिवसाचा. लिडोकेनचा बारा तास लावून पुढचे बारा तास काढून ठेवायचा.

चुकलं की कसं कळतं? फेंटानिल आठवडाभर तसाच ठेवला तर चौथ्या दिवसापासून दुखणं परत उसळतं. बेचैनी, घाम, जांभया सुरू होतात आणि घरच्यांना वाटतं आजार वाढला. उलट सात दिवसांचा ब्युप्रेनॉर्फिन तिसऱ्या दिवशी बदलला आणि जुना काढायचा राहिला, तर एकाच वेळी दोन पॅचमधून औषध जात राहतं. रिव्हास्टिग्मीनमध्ये हेच रोज घडू शकतं, कारण जुना पॅच पाठीवर असतो आणि आजोबांना तो आठवत नाही. उलट्या, चक्कर, मंदावलेली नाडी दिसली तर नव्या आजाराचं नाव शोधण्याआधी सदरा काढून पाठ बघा.

वापरलेल्या पॅचमध्ये किती उरतं हे पाकिटावरच्याच दोन ओळींवरून काढता येतं. ड्युराजेसिकच्या २५ च्या पॅचमध्ये ४.२ मिलिग्रॅम फेंटानिल असतं. तासाला २५ मायक्रोग्रॅम याप्रमाणे ७२ तासांत १,८०० मायक्रोग्रॅम, म्हणजे १.८ मिलिग्रॅम बाहेर पडतं. उरलं २.४, निम्म्याहून जास्त. ब्युप्रेनॉर्फिनच्या १० च्या पॅचमध्ये १० मिलिग्रॅम असेल तर आठवड्यात बाहेर पडतं १.६८. बाकी सव्वाआठच्या वर पॅचमध्येच. औषध कातडीत ढकलायला पॅचमध्ये साठा बराच जास्त ठेवावा लागतो, त्यामुळे मुदत संपली म्हणजे औषध संपलं असं होत नाही. याच अमेरिकी प्रशासनाने २०१२ मध्ये सांगितलं की आधीच्या पंधरा वर्षांत मुलांच्या अंगाशी किंवा तोंडात फेंटानिलचा पॅच गेल्याच्या २६ घटना त्यांच्याकडे नोंदल्या गेल्या. त्यांत १० मुलं दगावली. २६ पैकी १६ मुलं दोन वर्षांची किंवा त्याहून लहान होती.

तेव्हा काढलेला पॅच चिकट बाजू आत येईल असा दुमडा, पोरांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या हाती लागणार नाही अशा डब्यात ठेवा आणि फेंटानिल-ब्युप्रेनॉर्फिन जिथून मिळालं त्या रुग्णालयात परत द्या. घंटागाडीत टाकू नका.

अंगावर पॅच आहे आणि तो कुठला हे कोणालाच सांगता येत नाही, असंही होतं. माणूस जागा आणि ठीकठाक असेल तर पॅचच्या पाठीवर जे काही छापलंय त्याचा फोटो काढा आणि केमिस्ट किंवा डॉक्टरला दाखवा. पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, उष्णतेने औषध झपाट्याने आत जातं. पण माणूस हाक मारून नीट उठत नसेल, श्वास संथ किंवा घोरल्यासारखा वाटत असेल, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर पॅच लगेच काढा, १०८ ला फोन करा आणि काढलेला पॅच डबीत घालून बरोबर द्या. फेंटानिल कातडीत साठलेलं असतं. पॅच काढल्यावरही रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला सतरा तास किंवा त्याहून जास्त लागतात. त्यामुळे उतारा देऊन माणूस शुद्धीवर आला तरी त्याला लगेच घरी सोडता येत नाही, आणि किती वेळ नजरेखाली ठेवायचं हे डॉक्टरांना पॅचचं नाव कळल्यावरच ठरवता येतं.