एकाच दवाखान्यातील दोन फी: एका अभिप्रायाला उत्तर

"गावात दुसरा डॉक्टर नाही याचा पुरेपूर फायदा घेतला जातो. माझ्या आधी आत गेलेल्या माणसाकडून तीस रुपये घेतले आणि माझ्याकडून पाचशे. तपासायला दोघांनाही सारखाच वेळ लागला. गाडी बघून फी ठरवणारा दवाखाना. एक तारा."

महोदय,

आपल्याला फीचा आकडा तपासणी झाल्यानंतर कळला, ही चूक आमची आहे. डॉक्टरने आपली फी उपचार सुरू करण्यापूर्वी सांगावी आणि ती फलकावर लावावी, असे भारतीय वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या आचारनियमांत स्पष्ट म्हटले आहे. माझ्या दवाखान्यात फलक आहे. पण तो औषधे देण्याच्या खिडकीशेजारी आहे आणि रुग्ण तेथे पोहोचतो तो तपासणी आटोपल्यावरच. गावातल्या माणसांना दर तोंडपाठ असल्यामुळे इतक्या वर्षांत ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. आपल्या आजाराविषयी मी येथे एक अक्षरही लिहिणार नाही, कारण ते रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातच राहिले पाहिजे. फीविषयी मात्र सविस्तर लिहितो.

फरक केवळ तपासणीच्या फीत असतो. गोळ्या, इंजेक्शन, सलाईन आणि मलमपट्टीचे सामान यांचे पैसे सर्वांकडून सारखेच घेतले जातात. तपासणीचे दर तीन आहेत: तीस, दीडशे आणि पाचशे रुपये. महिन्याला सुमारे सहाशे रुग्ण येतात. त्यांपैकी साडेचारशे जण तीस रुपये देतात, शंभर जण दीडशे देतात आणि पन्नास जण पाचशे देतात; म्हणजे साडेतेरा हजार, पंधरा हजार आणि पंचवीस हजार मिळून साडेत्रेपन्न हजार रुपये. मदतनिसाचा पगार, जागेचे भाडे, वीज, पावसाळ्यात वारंवार लागणारा इन्व्हर्टर आणि वापरलेल्या सुया व पट्ट्या नेणाऱ्यांचे पैसे यांवर अडतीस हजार खर्च होतात. उरलेल्या साडेपंधरा हजारांत माझे घर चालते.

हीच रक्कम सर्वांवर सारखी वाटली, तर प्रत्येकी सुमारे नव्वद रुपये होतात आणि आपली तक्रार मिटते. पूर्वी एका पावसाळ्यात मी सर्वांना शंभर रुपये असा एकच दर लावून पाहिला होता. एकूण रुग्ण फारसे घटले नाहीत. बदलला तो त्यांच्या येण्याचा दिवस. सुपारीच्या कुळागरात पाटाच्या पाण्यात दिवसभर उभे राहून काम करणारा माणूस ताप आल्यावर दुसऱ्या दिवशी येत असे, तो आता पाचव्या-सहाव्या दिवशी येऊ लागला. मधले दिवस तो मेडिकलमधून आणलेल्या तापाच्या गोळ्यांवर काढत असे.

गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात पावसाळ्यातला ताप अंगावर काढणे धोक्याचे आहे, कारण त्यात लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. उंदरांच्या मुतामुळे दूषित झालेल्या पाण्यातून आणि चिखलातून या आजाराचा जंतू पायाच्या चिरांवाटे शरीरात शिरतो. सुरुवातीला हा आजार कोणत्याही तापासारखाच दिसतो, पण अनेकदा पोटऱ्या दाबल्या की रुग्ण कळवळतो आणि डोळे चिपडे न येताही लाल झालेले असतात. या टप्प्यावर डॉक्सिसायक्लिनची शंभर मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, सात दिवस दिली की बहुतेकांना पुरते, आणि ती गोळी स्वस्त आहे. त्या वर्षी एका कामगाराला सहाव्या दिवशी आणले, तेव्हा त्याचे डोळे लाल नव्हते, पिवळे होते, आणि आदल्या रात्रीपासून लघवी जवळजवळ झालेली नव्हती. गोळी देऊन भागण्याची वेळ निघून गेली होती. 108 बोलावून त्याला वाळपईमार्गे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात पाठवले आणि तेथे त्याला डायलिसिसवर ठेवावे लागले. तो बरा होऊन परतला, पण गणेश चवथीपर्यंत त्याला कामावर जाता आले नाही. "आधी का नाही आलास?" असे मी विचारले, तेव्हा पगार शनिवारी होतो, एवढेच तो म्हणाला. पुढच्याच सोमवारी मी एकच दर रद्द केला.

मग या साडेचारशे जणांना फुकटच का तपासत नाही, असे आपण विचाराल. तेही करून पाहिले आहे. फुकट तपासलेला माणूस एकदा येतो, पण "परत तीन दिवसांनी या" म्हटले की संकोचाने येत नाही. आलाच तर नारळ किंवा पणसाचे गरे घेऊन येतो, जे त्याला तीस रुपयांपेक्षा महाग पडतात. तीस रुपये दिले की तो हक्काने येतो, हक्काने प्रश्न विचारतो आणि औषधाने बरे वाटले नाही तर हक्काने भांडतो.

गाडीविषयी आपण जे लिहिले आहे, ते मला सर्वांत अधिक लागले, कारण पूर्वी मी खरोखरच डोळ्यांनी अंदाज करत असे. एकदा गळ्यात सोन्याचा जाड हार घातलेल्या बाईंना मी पाचशे रुपये सांगितले. त्यांनी निमूटपणे दिले. चार महिन्यांनी त्या आल्या तेव्हा रक्तदाब फार वाढलेला होता. माझी फी पुन्हा द्यावी लागू नये म्हणून त्या गोळी एक दिवसाआड घेत होत्या. हार शेजारणीचा होता आणि त्या दिवशी त्या एका लग्नाहून परस्पर दवाखान्यात आल्या होत्या. त्यानंतर ठरले की मदतनीस तिन्ही दर सांगेल, रुग्ण स्वतः आपला दर निवडेल आणि कोणाकडूनही पुरावा मागितला जाणार नाही. काही सुखवस्तू माणसे तीस रुपयांचा दर निवडतात. आम्ही घेतो आणि पावती देतो, कारण त्यांना पकडण्यासाठी चौकशी सुरू केली की पहिला त्रास गरिबालाच होईल. आपल्या बाबतीत मात्र बाहेरगावचे पाहुणे म्हणून मदतनिसाने न विचारता वरचा दर लिहिला. तेवढ्यापुरता आपला आरोप खरा आहे.

गावातला एकुलता एक डॉक्टर असण्याचा फायदा घेण्याविषयी एवढेच सांगतो. ज्यांच्याकडे गाडी आहे, ते माझी फी पटली नाही तर वाळपईला किंवा म्हापशाला जाऊ शकतात. ज्याला दिवसातून दोनदा येणाऱ्या बसवर अवलंबून राहावे लागते आणि एका फेरीसाठी अख्खी मजुरी बुडवावी लागते, त्याला मी सोडून खासगी डॉक्टर नाही. अडवणूक करायची म्हटली तर ती त्याचीच करता येईल. म्हणून त्याचा दर मी सर्वांत खाली ठेवला आहे आणि तो वाढवणार नाही.

फलक आता प्रवेशद्वाराबाहेर, मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत लावला आहे. आपल्याला दर निवडू दिला नव्हता. तो आता निवडावा. आपण दीडशे म्हणालात तर साडेतीनशे आणि तीस म्हणालात तर चारशे सत्तर रुपये परत केले जातील. पावतीचा क्रमांक मदतनिसाला फोनवर सांगितला तरी पुरे, त्यासाठी पुन्हा घाट चढून येण्याची आवश्यकता नाही.