तीन लाद्यांचा बाल्कांव

आठवीच्या गणिताच्या कार्यपुस्तिकेत 'क्षेत्रफळ' या प्रकरणाच्या सरावपत्रिका सोडवताना आमच्या कन्येने असा निष्कर्ष काढला, की घरापुढच्या चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद बाल्कांवाला वीस सेंटिमीटर बाजूच्या चौरस लाद्या बसवायच्या असतील, तर तीन लाद्या पुरतात. मी उत्तरसूची पाहिली. तिथेही तीनच होत्या. योगायोगाने त्याच आठवड्यात गणेशचवथीच्या आधी बाल्कांव उरकून द्यायचा, म्हणून आमच्याकडे गवंडी आलेला होता. त्याला हा हिशेब ऐकवल्यावर त्याने थापी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिले आणि उरलेल्या लाद्यांचे पैसे परत कोण देणार, असे अत्यंत गंभीरपणे विचारले.

प्रकाशकाला ईमेल लिहायचे ठरले ते तिथेच. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर 'सूचनांचे स्वागत आहे' असे छापून खाली पत्ता दिलेला होता. असे स्वागत केले की कोणी प्रत्यक्ष दारात येत नाही, असा प्रकाशकांचा अनुभव असावा.

पहिल्या मसुद्यात मी बराच उपहास भरला होता. सौ.ने तो वाचला आणि मास्तरांना चिडवणाऱ्या मुलाची वही तपासावी तशा निर्विकारपणे त्यातली निम्मी वाक्ये खोडली. तिचे म्हणणे असे, की हे पत्र प्रथम ज्याच्या हाती पडेल त्याने ते पुस्तक लिहिलेले नसते. त्याला फक्त कोणते पान उघडायचे आणि तिथे काय बदलायचे, एवढेच कळायला हवे. म्हणून दुसऱ्या मसुद्यात आवृत्ती आणि पुनर्मुद्रणाचे वर्ष वर आले, कारण एकाच आवृत्तीच्या दोन छपायांत पाने तीच राहूनही मजकूर बदललेला असू शकतो. त्याखाली प्रत्येक चुकीसाठी पान, पत्रिका, प्रश्नक्रमांक, छापलेले वाक्य जसेच्या तसे, ते का चुकले याचे एक-दोन ओळींचे कारण आणि शेवटी दुरुस्त वाक्य, असा क्रम ठेवला.

लाद्यांच्या प्रश्नात खरी चूक प्रश्नात नव्हतीच. पत्रिकेच्या माथ्यावर 'लक्षात ठेवा' अशी रंगीत चौकट होती आणि तिच्यात 1 चौ. मी. = 100 चौ. सेमी. असे छापले होते. मीटरमध्ये शंभर सेंटिमीटर असतात हे खरे. पण चौरस मीटरची लांबीही शंभर आणि रुंदीही शंभर, म्हणून तिथे 10,000 हवेत. चौकटीवर विश्वास ठेवला की बारा चौरस मीटरचे 1,200 चौरस सेंटिमीटर होतात, आणि एका लादीच्या 400 ने भागले की तीन येतात. रांगा मोजल्या तर चार मीटरच्या बाजूला वीस लाद्या आणि तीन मीटरच्या बाजूला पंधरा, म्हणजे तीनशे. नुसते उत्तर बदलून चालणार नव्हते, कारण चौकट तशीच राहिली तर पुढच्या वर्षी एखादा प्रामाणिक विद्यार्थी तीनशेच खोडून पुन्हा तीन करील. याच चौकटीवर विसंबून अर्धा चौरस मीटर कापडाचेही 50 चौरस सेंटिमीटर झाले होते; एवढ्यात हातरुमालही होत नाही. म्हणून मी मूळ चूक एक आणि तिच्यामुळे बदलणारी उत्तरे इतकी, असे वेगवेगळे लिहिले.

त्यानंतरचा प्रश्न मात्र इतक्या सभ्य चेहऱ्याचा होता, की कन्येने तो न अडखळता सोडवला आणि उत्तर सूचीशी जुळलेही. 'एका काटकोन त्रिकोणाचा कर्ण 10 सेमी. असून काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर टाकलेल्या लंबाची लांबी 6 सेमी. आहे. त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढा.' पाया गुणिले उंचीचे निम्मे, उत्तर 30 चौ. सेमी. यात चूक काय, असे प्रकाशकाकडचा कोणीही विचारील, आणि त्याचे उत्तर पत्रातच द्यावे लागणार होते. चूक अशी, की असा त्रिकोण नाही. दहा सेंटिमीटरचा कर्ण हा व्यास धरून अर्धवर्तुळ काढले, तर काटकोनाचा शिरोबिंदू त्या अर्धवर्तुळावरच पडतो. त्रिज्या पाच असल्याने त्याची कर्णापासूनची उंची पाचाच्या वर जाऊच शकत नाही. ज्याला वर्तुळ नको असेल त्याच्यासाठी मी बीजगणितही जोडले. काटकोनाच्या बाजू a आणि b मानल्या, तर a² + b² = 100 आणि क्षेत्रफळ 30 असल्यामुळे ab = 60; मग (a − b)² हे 100 − 120, म्हणजे −20 येते. कोणत्याही दोन लांबींच्या वजाबाकीचा वर्ग ऋण येत नाही.

सर्वांत मोठा पुरावा चित्रकाराने दिला होता. त्या बिचाऱ्याने पाया दहा, मधोमध उंची सहा अशी मापे इमानदारीने घेऊन त्रिकोण काढला होता आणि मग सांगितल्याप्रमाणे वरच्या कोनात काटकोनाची खूण बसवली होती. खूण चौरस दिसण्याऐवजी चेंगरलेल्या शंकरपाळ्यासारखी दिसत होती. कन्येने कोनमापक लावला, तो कोन जेमतेम ऐंशी अंशांचा भरला.

दुरुस्ती सुचवतानाही विचार करावा लागतो. 'काटकोन' काढून 'कर्ण' च्या जागी 'पाया' घातला, तर उत्तर 30 शाबूत राहते. पण आकृतीतली खूण पुसावी लागते आणि पुढच्याच प्रश्नात त्याच काटकोनाचा आधार घेतलेला आहे. त्यापेक्षा 6 च्या जागी 4.8 आणि 30 च्या जागी 24 केले, की बाजू 6, 8, 10 अशा सुरेख येतात, वाक्याची ओळ हलत नाही आणि जुळणी करणाऱ्याला पान पुन्हा मांडावे लागत नाही. आकृती तेवढी नवी काढावी लागते. ही दुसरी वाट मी शिफारस म्हणून लिहिली.

शेवटच्या पत्रिकेबद्दल फार लिहावे लागले नाही. कुंपणाच्या खर्चाचे उत्तर चौरस मीटरमध्ये आणि त्याआधीच्या बागेच्या क्षेत्रफळाचे उत्तर रुपयांत आले, तेव्हाच सातवा प्रश्न नव्या छपाईत गळला असून सूचीत त्याचे उत्तर राहिले आहे, हे उघड झाले. प्रश्न संपल्यावर सूचीत एक उत्तर बेवारस उरलेलेही होते. सातवे उत्तर काढून पुढचे क्रमांक एकेकाने कमी करावेत, असे लिहून मी पत्र संपवले आणि सोबत पानांची छायाचित्रे जोडली.

उत्तर तत्परतेने आले. आपल्या प्रतीत दोष आढळल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करून ते प्रत बदलून देणार होते. त्यासाठी बिलाची प्रत हवी होती. दोष प्रतीत नसून प्रकरणात आहे, हे मी पुन्हा नम्रपणे कळवले. तरीही पार्सल आलेच. आत त्याच छपाईचे, त्याच शंकरपाळ्यासह नवे कोरे पुस्तक होते, आणि, हे मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, आत शुद्धिपत्राचा कागदही होता. त्यात 4.8 बरोबर होते, 24 बरोबर होते, उत्तरांचे क्रमांकही सरकवले होते. चौकटीची दुरुस्ती मात्र 1 चौ. मी. = 1,000 चौ. सेमी. अशी छापली होती आणि तिच्याशी इमान राखून लाद्या तीस केल्या होत्या.

मी पुन्हा संगणक उघडला आणि विषयाच्या जागी लिहिले, 'शुद्धिपत्र, ओळ पहिली: एक शून्य कमी'. कन्येने मागून वाकून वाचले आणि म्हणाली, "बाबा, लाद्यांची ओळ पण घाला, तिथेही एक शून्य कमी आहे."