बाराचे दहा हजार होत नाहीत

"नमुना लहान आहे? डेटा एका बाजूला झुकलेला आहे? टेन्शन नको! बूटस्ट्रॅप लावा. 10,000 वेळा रिसॅम्पल करा, म्हणजे 12 चे 10,000 होतात. कसलंही गृहीतक लागत नाही. 2.5 वा आणि 97.5 वा पर्सेंटाइल घ्या, झालं अचूक 95% कॉन्फिडन्स इंटरव्हल."

हा फॉरवर्ड मला तीन ग्रुपांवर आला आणि तिन्ही वेळा मी गप्प बसलो. गेल्या आठवड्यात भाचीने तोच पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, थिसिसमध्ये हेच टाकलंय." मग मात्र राहवेना.

तिच्याकडे 12 रुग्ण आहेत. वॉर्डात किती दिवस राहिले, ते असं: 2, 2, 3, 3, 3, 4, 4, 5, 6, 7, 9, 36. सरासरी 7. तो 36 दिवसवाला वगळला तर सरासरी थेट 4.4 वर येते.

सगळ्यात घातक वाक्य ते "12 चे 10,000". रिसॅम्पल करायचं म्हणजे याच बारा चिठ्ठ्या टोपीत टाकून, प्रत्येक वेळी परत टाकत, बारा वेळा काढायच्या, आणि दर वेळी निघालेल्या बारा आकड्यांची सरासरी आलेखावर मांडायची. टोपीत तेरावी चिठ्ठी येणार कुठून? 36 ची चिठ्ठी एकदाही हाती लागत नाही असं साधारण 35% रिसॅम्पलमध्ये होतं, 38% मध्ये ती एकदा येते, 19% मध्ये दोनदा. त्यामुळे भाचीच्या हिस्टोग्रामला एक टेकडी नव्हती, चार-पाच उंचवटे होते: 4.4 पाशी एक, 7 पाशी दुसरा, 9.6 पाशी तिसरा. ती म्हणाली, "कोड चुकला वाटतं." कोड बरोबर होता. अख्खा आलेख एका रुग्णाभोवती नाचत होता. असे उंचवटे दिसले की थांबायचं. 10,000 चे दहा लाख केले तरी ते जात नाहीत, फक्त जास्त रेखीव दिसतात. रिसॅम्पल वाढवून चिठ्ठ्या काढण्यातला चढउतार कमी होतो, नमुन्याचं तोकडेपण तसंच राहतं.

आता उलट बाजू बघा. समजा, पन्नासात एक रुग्ण महिनाभराहून जास्त राहतो. मग 12 जणांच्या नमुन्यात असा एकही न सापडण्याची शक्यता 0.98 चा बारावा घात, म्हणजे जवळजवळ 78%. तसा नमुना हाती आला असता, तर याच कृतीने कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरी सरासरी ज्यात असावी ते अंतर, साधारण सव्वातीन ते साडेपाच असं छान आटोपशीर दिलं असतं, आणि त्यावर कुणाला शंकाही आली नसती.

"गृहीतक लागत नाही" यावर वेळ घालवत नाही. नमुना लोकसंख्येसारखाच दिसतो, हे गृहीतकच आहे. रुग्ण एकमेकांपासून स्वतंत्र, हेही.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागेल. टी-वितरणाच्या सूत्राने काढलेलं नेहमीचं टी-अंतर इथे 1.05 ते 12.95 येतं, सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारखंच पसरलेलं, जणू डेटा झुकलेला नाहीच. पर्सेंटाइलवालं साधारण 3.5 ते 12.7 येतं, म्हणजे उजवीकडे झुकतं. दिशा बरोबर आहे, पण झुकाव पुरेसा नाही. संख्याशास्त्रज्ञ टिम हेस्टरबर्ग यांनी 2015 मध्ये 'द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन'मध्ये हे मोजून दाखवलंय. उजवीकडे झुकलेल्या एक्स्पोनेन्शियल वितरणातून नमुने घेतले, तर प्रत्येक टोकाला चुकण्याचं प्रमाण ठरलेल्या 2.5% पासून त्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त ढळू न द्यायला टी-पद्धतीला सुमारे 5,000 निरीक्षणं लागतात, पर्सेंटाइलला दोन हजारांहून जास्त, आणि बूटस्ट्रॅप-टी ला शंभरेक. आपल्याकडे बारा.

बूटस्ट्रॅप-टी मध्ये दर रिसॅम्पलची सरासरी मूळ सरासरीपासून किती दूर गेली, ते त्याच रिसॅम्पलच्या प्रमाण त्रुटीने, म्हणजे सरासरी साधारण किती हलते त्या मापाने, भागतात. R मध्ये असं:

```r
library(boot)
x <- c(2, 2, 3, 3, 3, 4, 4, 5, 6, 7, 9, 36)
f <- function(x, i) {
  y <- x[i]
  c(mean(y), var(y) / length(y))
}
b <- boot(x, f, R = 9999)
boot.ci(b, type = c("perc", "stud"))
```

`stud` ची, म्हणजे बूटस्ट्रॅप-टी ची, ओळ वाचून भाची हबकली. खालची बाजू सव्वातीनच्या आसपास, वरची पंचविशीपार! "मामा, हे तर निरुपयोगी आहे." निरुपयोगी नाही गं, बारा रुग्णांवरून सरासरीबद्दल एवढंच म्हणता येतं.

सरासरीऐवजी मध्यक चालत असेल तर रिसॅम्पलची गरजच नाही. चढत्या क्रमाने लावून तिसरी आणि दहावी किंमत घ्यायची: 3 ते 7 दिवस. अशा अंतरात खरा मध्यक सापडण्याची शक्यता नाणेफेकीच्या गणिताने 96% निघते, वितरणाचा आकार कसाही असो. पण खाटा किती लागतील हे विचारायचं असेल तर सरासरीच हवी, कारण तो 36 दिवसवाला खाट अडवून बसलेला असतो.

थिसिसमध्ये आता मध्यक आणि त्याचं अंतर आहे, सरासरीचं अंतर बूटस्ट्रॅप-टीचं आहे, आणि बाराच्या बारा आकडे तक्त्यात छापलेत. गाइडने तक्त्यावर पेन्सिलीने लिहून पाठवलंय: "36 चुकीचा टाइप झालाय का?" नाही. केसपेपर काढून पाहिला, छत्तीसच आहेत.