‘ळ’ला ‘जाड ल’ म्हणणं थांबवा

“‘ळ’ म्हणजे नुसता जाड ‘ल’. लहानपणी ज्याची जीभ वळली नाही, त्याला तो मोठेपणी येत नाही. सरळ ‘ल’ म्हणा, सगळ्यांना समजतं. लिहितानाही कुठे कोणता, याला नियम नाही, पाठच करावं लागतं. आणि आपल्या वऱ्हाडात तरी कुठे ‘ळ’ म्हणतात?”

हा मजकूर आमच्या घरच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा फिरून आला, आणि या वेळी तो माझ्या भाचेसुनेने वाचला. ती जबलपूरची. लग्नानंतर नागपुरात आली, नाल्यांची कामं घेणाऱ्या एका कंत्राटदाराकडे हिशेब बघते. दोन आठवडे ती माझ्याकडे रोज संध्याकाळी ‘ळ’ घोटत होती. त्या दिवशी आली आणि म्हणाली, “मामी, राहू द्या. माझी जीभच तशी नाही.” म्हणून हे लिहिते आहे.

आधी जिभेचंच घेते, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच केलं. हिंदी बोलणारा माणूस दिवसभर ‘सड़क’, ‘घोड़ा’, ‘पेड़’ म्हणतो. त्या प्रत्येक ‘ड़’ला त्याच्या जिभेचं टोक मागे वळतं, टाळूला लागतं आणि झटक्याने पुढे येतं. ‘ळ’ला नेमकं हेच करायचं असतं. म्हणजे जीभ लहानपणीच वळलेली आहे. फरक एवढाच की ‘ड़’च्या वेळी जिभेच्या दोन्ही कडा वरच्या दाढांना चिकटलेल्या असतात आणि ‘ळ’च्या वेळी त्या खाली सोडायच्या, म्हणजे आवाज बाजूंनी बाहेर पडतो. कडा सोडणंही तिला नवीन नाही, ‘ल’ म्हणताना ती तेच करते. टोक ‘ड़’चं आणि कडा ‘ल’च्या, एवढीच नवी जुळणी.

‘जाड ल’ हा शब्द इथेच घात करतो. जाड म्हटलं की शिकणारा जीभ दातांच्या मुळाशी, ‘ल’च्याच जागी ठेवतो आणि जोर लावतो. त्यातून ‘गाळ’ होत नाही, ‘गाल्ल’ होतं. जोर कितीही वाढवला तरी जागा बदलत नाही. माझ्याकडे येण्याआधी कोणीतरी तिला हेच शिकवलं होतं, आणि तिचे पहिले चार दिवस ते मोडण्यात गेले.

आम्ही केलं ते असं. ‘आड’ म्हणायचं, पण शेवटी जीभ टाळूवर तशीच धरून ठेवायची. तिथून न हलवता फक्त कडा खाली सोडायच्या आणि आवाज चालू ठेवायचा. जमलं का, हे बघायला जीभ तिथेच ठेवून तोंडाने श्वास आत ओढायचा. जिभेच्या कडांना गार लागलं तर कडा सुटल्या आहेत. गार लागलं नाही तर तो अजून ‘ड’च आहे. मग आवाज काढता काढता टोक झटक्याने पुढे सोडायचं. हे धरून ठेवणं फक्त सरावापुरतं, बोलताना ‘ळ’ क्षणभराचाच असतो. आणि सुटा ‘ळ’ कधीही घोटायचा नाही. मराठी शब्द ‘ळ’ने सुरूच होत नाही, त्यामुळे आधी स्वर हवाच: आळ, ओळ, ऊळ. ‘माळ’, ‘घोळ’ सोपे जातात. ‘केळी’, ‘पोळी’ अवघड, कारण ‘ई’ जिभेला पुढे खेचते आणि ‘ळ’ घसरून ‘ल’ होतो. उलट टोकाची चूक ‘केड़ी’ अशी ऐकू येते, तेव्हा कडा बंद राहिल्या असं समजावं.

बोलण्याआधी ऐकणं तपासावं लागतं, हेही कोणी सांगत नाही. मी तोंडापुढे वही धरून वीस शब्द म्हटले, वेल-वेळ, गाल-गाळ, काल-काळ, लाल-लाळ असे उलटसुलट. ‘ळ’ ऐकू आला की तिने हात वर करायचा. पहिल्या दिवशी अकरा बरोबर आले, म्हणजे निव्वळ अंदाज. आठव्या दिवशी अठरा. त्याच सुमारास तिचं बोलणं सुधारू लागलं.

‘ल’ म्हटलं तरी समजतं, हे अर्धं खरं आहे. ‘दिवाली’ म्हटल्यावर कोणी अडत नाही. पण तिने ऑफिसात फोनवर सांगितलं, “गाल काढायचं बिल आलंय,” आणि पलीकडच्याने तीनदा विचारलं. दिवसभर ‘नाल्यातला गाळ’ हा शब्द लागणाऱ्या बाईला ‘सगळ्यांना समजतं’ हे सांगणं मला पटत नाही.

वऱ्हाडीचंही मान्य करते. डोळ्याला ‘डोया’, काळ्याला ‘काया’, केळीला ‘केयी’ म्हणणारी माणसं माझ्या माहेरीच आहेत. पण नीट ऐका, त्यांनी ‘ळ’चा ‘य’ केला, ‘ल’ नाही. ‘गेला’ तिथेही ‘गेला’च. दोन आवाज वेगळे होते, ते वेगळेच राहिले. कोकणातल्या आगरीत ‘डोला’ म्हणतात, तेही खरं. ती त्या बोलीची रीत आहे. शिकणाऱ्याची चुकलेली जागा ही दुसरी गोष्ट.

आता नियम. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने 1920 मध्ये मराठीच्या घडणीवर पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात हे स्पष्ट आहे: दोन स्वरांमधला जुना एकेरी ‘ल’ मराठीत ‘ळ’ झाला आणि दुहेरी ‘ल्ल’चा ‘ल’ राहिला. हिंदी-संस्कृत येणाऱ्याला याची किल्ली लगेच वापरता येते. फल, माला, शाला, धूलि, तुलसी यांत ‘ल’ एकटा आहे, म्हणून फळ, माळ, शाळा, धूळ, तुळस. गल्ल, चुल्ली, बिल्व, तैल, कल्य यांतला ‘ल’ आधीपासूनच दुहेरी होता किंवा प्राकृतात दुहेरी झाला, म्हणून गाल, चूल, बेल, तेल आणि आजच्या आधीचा ‘काल’. ‘मूल’चं मूळ झालं, ‘मूल्य’चं मोल.

हा नियम घरात रुळलेल्या शब्दांचा आहे. संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले ‘ल’च ठेवतात, म्हणून मूळ पण मूलभूत, काळ पण कालावधी. माल, साल, टेबल हे बाहेरून आलेले, त्यांतही ‘ल’. ‘ड’चाही ‘ळ’ होतो: गुड-गूळ, षोडश-सोळा. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत ‘अग्निमीळे’ आहे, तो ‘ळ’ ‘ड’चाच. म्हणून ‘ड’च्या जागेवरून शिकवणं ही काही माझी युक्ती नाही, हे दोघे जुने शेजारी आहेत.

भूतकाळाचा ‘-ला, -ली, -लं’ मात्र प्राकृतातल्या ‘इल्ल’वरून आला, त्यामुळे तिथे ‘ळ’ कधीच येत नाही. ‘मिळाला’ घ्या: धातू ‘मिळ’, प्रत्यय ‘ला’. भाचेसून आधी ‘मिलाला’ म्हणायची, ‘ळ’ सापडल्यावर ‘मिलाळा’ लिहू लागली. शब्द मधे तोडून दाखवला, मिळ-आला, पळ-आला, कळ-लं, तेव्हा लिहिणं त्याच दिवशी सुधारलं.

काल ती गोकुळपेठेतून फुटाळा तलावाकडे गेली आणि वाटेत हिंदी पाटीवर ‘गोकुलपेठ’ दिसल्याचं तिने मला फोनवर सांगितलं. ‘गोकुळपेठ’ आणि ‘फुटाळा’ दोन्ही स्वच्छ आले, ‘तलाव’मध्ये ‘ळ’ घुसला नाही. ‘पोळी’ अजून तीनदा म्हटली की एकदा घसरते.