पाहुणा जायची तारीख आधीच सांगून येतो

“तुम्ही तुमच्या देवाला पाण्यात बुडवता म्हणे?”

म्युनिकच्या ऑफिसात कॉफी मशीनपाशी मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा मी पटकन म्हणून गेले, “हो, दरवर्षी नवीन मॉडेल येतं ना!” सगळे खळखळून हसले. त्यातल्या एकाने हसत हसतच विचारलं, “मग जुनं फेकून देता?” शाळेला सुट्टी होती म्हणून माझी आठ वर्षांची लेक त्या दिवशी सोबत आली होती. घरी जाताना ट्राममध्ये ती म्हणाली, “आई, आपण बाप्पाला फेकतो?”

तो विनोद मी पुन्हा कधी केला नाही. पण विनोद करणं सोडलं नाही, कारण विसर्जनाचं गंभीर व्याख्यान कॉफीच्या रांगेत कुणी ऐकत नाही. रांग दोन मिनिटांची असते. तेवढ्यात हसू यावं आणि त्या हसण्यातच खरं उत्तर असावं, असं काहीतरी मला हवं होतं.

आता मी म्हणते, “आमच्याकडे पाहुणा येतो. येण्याआधीच जायची तारीख सांगतो. दीड दिवस, पाच दिवस, सात दिवस किंवा दहा. तुमच्याकडे असा शहाणा पाहुणा आलाय कधी?” जर्मन माणसाला हे फार पटतं, त्यांच्याकडे सगळं तारीख ठरवूनच चालतं. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: जातो कसा? “मातीचा आला, माती होऊन जातो. जाताना बाल्कनीतल्या टोमॅटोला माती देऊन जातो.” आणि हे अक्षरशः खरं आहे. आमची मूर्ती वीतभर, शाडूची. विसर्जन घरातच, बादलीत. संध्याकाळी आरती करून ठेवली की सकाळपर्यंत बादलीच्या तळाशी नुसता गाळ उरतो. तो कुंड्यांत घालतो. (एक वर्ष घाईत मिळेल ती मूर्ती घेतली होती. तीन दिवसांनीही सोंड जशीच्या तशी. प्लास्टर होतं. शाडू म्हणून दिलेली मूर्ती हातात घेऊन बघा, त्याच मापाच्या प्लास्टरच्या मूर्तीपेक्षा ती जड लागते आणि धक्क्याला पटकन चिरते.) लेकीलाही मी हेच सांगितलं, आणि आता बादलीतला गाळ कुंडीत घालायचं काम तिचं आहे.

माझं मत असं झालंय की विनोद प्रथेवर करावा, देवावर नाही. सोंडेवर, पोटावर केलेला विनोद ऐकून माणूस हसतो आणि निघून जातो. पाहुण्याचा विनोद ऐकून माणूस थांबतो आणि विचारतो, “मग त्याला खायला काय देता?”

इथे मोदक येतो. सुरुवातीला मी ‘गोड डंपलिंग’ म्हणायचे आणि लोकांच्या डोळ्यांपुढे सोया सॉसची वाटी यायची. मग एकदा स्कीइंगला गेलो असताना डोंगरावरच्या हॉटेलात गेर्मक्नोडेल खाल्ला. यीस्टच्या पिठाचा वाफवलेला मोठा गोळा, आत आलुबुखारचा मुरंबा, वर वितळलेलं लोणी आणि खसखस-साखर. मी नवऱ्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. आत गोड सारण, बाहेर वाफवलेली पारी, वर लोणी! तेव्हापासून ऑफिसात मोदकाची ओळख ठरलेली आहे: “हा तुमच्या गेर्मक्नोडेलचा कोकणातला मावसभाऊ. तुमचा यीस्ट खाऊन फुगला, आमचा भातशेतीत वाढला म्हणून सडपातळ राहिला.” लगेच कळतं की हे गोड आहे, वाफवलेलं आहे आणि गरम खायचं आहे. शिवाय वरची शेंडी मोडून आत तूप सोडायचं, हेही वेगळं शिकवावं लागत नाही. त्यांचा हात आधीच लोण्याला सरावलेला आहे.

पण विनोद करून मोदक बिघडला तर सगळंच मुसळ केरात, म्हणून माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी आशियाई दुकानातून आणलेलं तांदळाचं पीठ चिकट तांदळाचं निघालं. उकड हाताला चिकटून बसली, कळ्या पडेनात, आणि कसेबसे वळलेले मोदक वाफेवर बसकण मारून पसरले. पाकिटावर ‘क्लेबराइसमेल’ असेल तर ते परत ठेवा, नुसतं ‘राइसमेल’ घ्या. एक वाटी पिठाला एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. पाणी खळखळलं की पीठ घालून ढवळायचं, झाकण ठेवून वाफ आणायची आणि गरम असतानाच पाण्याचा हात लावून मळायचं. वळताना पारीच्या कडेला चिरा पडल्या तर उकड कोरडी आहे, अजून थोडं पाणी लावून मळा. वाफ दहा-बारा मिनिटं पुरते. ऑफिसात नेताना डब्यावर चिठ्ठी लावा: तांदूळ, नारळ, गूळ, वेलची, तूप. इथे कुणाला ग्लुटेन चालत नाही, कुणी व्हीगन असतं. व्हीगन मंडळींसाठी उकडीत तुपाऐवजी तेल घालून थोडे मोदक वेगळ्या डब्यात नेते. हा भाग मी विनोदावर सोडत नाही.

गौरींचं सांगणं सगळ्यात सोपं. “मुलगा आधी आला. दोन-तीन दिवसांनी आई बघायला आली, पोरगं नीट जेवतंय ना. पहिल्या दिवशी आली, दुसऱ्या दिवशी भरपेट जेवली, तिसऱ्या दिवशी निघाली.” आवाहन, पूजन, विसर्जन, तिन्ही यात बसतात. कुणाकडे ज्येष्ठा-कनिष्ठा म्हणून दोघी येतात, तेव्हा मी ‘बहिणी’ म्हणते. आईचा किस्सा ऐकून माझ्या टीममधली इटालियन बाई म्हणाली, “म्हणजे तुमची देवी इटालियन आहे.”

तारखेचा प्रश्न मात्र दरवर्षी ठरलेला. २०२३ ला गणपती १९ सप्टेंबरला, २०२४ ला ७ सप्टेंबरला, २०२५ ला २७ ऑगस्टला आणि यंदा एकदम १४ सप्टेंबरला. रजा टाकताना आमच्या मॅनेजरांनी विचारलं, “तुमचा देव मागे मागे जाताना अचानक पुढे कसा उडी मारतो?” मी म्हटलं, “आधी सांगा, तुमचा ईस्टर स्थिर का नाही?” २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा आणि तिच्या पुढचा रविवार, हा त्यांचा हिशोबही चंद्राचाच. आमचं चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणजे दरवर्षी अकरा दिवस कमी. ती तूट साठली की आम्ही एक जादा महिना कामावर घेतो. “इंटर्न?” त्यांनी विचारलं. “इंटर्नच,” मी म्हटलं, “आणि त्याच्या काळात जावयाला तेहतीस अनारसे मिळतात.” यंदा ज्येष्ठ अधिक होता, म्हणून ही उडी.

मॅनेजरांनी रजा मंजूर केली आणि खाली एक ओळ लिहिली: त्यांच्या मुलीचं नुकतंच लग्न झालंय, पुढचा इंटर्न महिना कधी आहे ते जावयाला न सांगता फक्त त्यांनाच कळवावं.