एकच कॉलम सॉर्ट केला आणि सरासरी बदलली: त्या फॉरवर्डमधले चार दावे

«टीवायच्या एका मुलीची गोष्ट फिरतेय. सर्व्हेच्या शीटमधला एक कॉलम सॉर्ट केला आणि सरासरी बदलली म्हणे! अहो, सॉर्ट केल्यावर आकडे फक्त जागा बदलतात. बेरीज तीच, संख्या तीच, मग सरासरी कशी बदलेल? हिचाच फॉर्म्युला चुकला असणार. शिवाय असं काही चुकत असेल तर एक्सेल आधी बजावतंच. आणि समजा झालंच, तर अनुक्रमांकावर परत सॉर्ट करायचं, की सगळं जागेवर.»

बेरीज तीच, मग सरासरी कशी बदलेल?

अख्ख्या कॉलमची सरासरी बदलत नाही, इतकं बरोबर आहे. पण सर्व्हेच्या अहवालात अख्ख्या कॉलमची सरासरी क्वचितच कामाची असते. मुलींची सरासरी किती नि मुलांची किती, होस्टेलवाल्यांची किती नि घरून येणाऱ्यांची किती, असंच विचारलेलं असतं. या सरासरीला दोन कॉलम लागतात आणि ते ओळीने एकमेकांना बांधलेले असावे लागतात. एकच कॉलम हलवला की ती गाठ सुटते.

तिच्या सर्व्हेसारखाच आठ ओळींचा तुकडा घेऊ. प्रश्न असा: कॉलेजला पोहोचायला किती मिनिटं लागतात? `A` कॉलममध्ये अनुक्रमांक, `B` मध्ये राहण्याची जागा, `C` मध्ये मिनिटं. शेवटचा कॉलम फक्त तुलनेसाठी दिला आहे. `C` एकटाच चढत्या क्रमाने लावला तर त्या ओळीत काय येतं, ते त्यात आहे.

| क्र. | राहणं | खरी मिनिटं | सॉर्टनंतर |
|---|---|---|---|
| १ | घर | ६० | ५ |
| २ | घर | ४५ | १० |
| ३ | होस्टेल | १० | १० |
| ४ | घर | ५० | १५ |
| ५ | होस्टेल | ५ | ४५ |
| ६ | होस्टेल | १५ | ५० |
| ७ | घर | ६५ | ६० |
| ८ | होस्टेल | १० | ६५ |

सॉर्टच्या आधी घरून येणाऱ्यांची बेरीज २२०, म्हणजे सरासरी ५५ मिनिटं. होस्टेलची बेरीज ४०, सरासरी १०. सॉर्टनंतर ‘घर’ याच चार ओळींसमोर ५, १०, १५ आणि ६० आले: बेरीज ९०, सरासरी २२.५. होस्टेलसमोर १०, ४५, ५० आणि ६५: बेरीज १७०, सरासरी ४२.५. होस्टेल कॉलेजच्या आवारात असूनही तिथल्या मुलांना घरून येणाऱ्यांपेक्षा वीस मिनिटं जास्त लागतात, असा निष्कर्ष निघाला. आठही आकड्यांची बेरीज मात्र दोन्ही वेळा २६० आणि एकूण सरासरी ३२.५.

फॉर्म्युला चुकला असणार

फॉर्म्युला असा होता आणि तो बरोबरच आहे:

```
=AVERAGEIF(B2:B9,"घर",C2:C9)
```

तो `B` मध्ये ‘घर’ कुठे आहे ते बघतो आणि त्याच ओळीतला `C` उचलतो. ओळीतला आकडा दुसऱ्याच मुलाचा आहे, हे त्याला कळायला मार्ग नाही. पिव्होट टेबलचंही तसंच. त्यामुळे कंस आणि रेंज कितीही तपासल्या तरी चूक सापडत नाही. चूक फॉर्म्युल्यात नाही, डेटात आहे.

आता जरा फसवा भाग. वरच्या उदाहरणात निकाल इतका उलटा आला की कुणालाही शंका यावी. हाच कॉलम उतरत्या क्रमाने लावून बघा. ‘घर’समोर ६५, ६०, ४५ आणि १० येतात, सरासरी ४५. होस्टेलसमोर ५०, १५, १० आणि ५, सरासरी २०. हे आकडे पटण्यासारखे आहेत, म्हणून ते सरळ प्रोजेक्टमध्ये जातात.

किती बिघडेल हे ओळी कोणत्या क्रमाने लागल्या होत्या त्यावर ठरतं. फॉर्मची लिंक आधी होस्टेलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेली असेल, तर पहिल्या चार ओळी होस्टेलच्या असतील. मग चढत्या क्रमातले ५, १०, १० आणि १५ नेमके त्यांच्याच वाट्याला येतात आणि होस्टेलची सरासरी पुन्हा १०! सरासरी अचूक, पण कोणत्या मुलाचा कोणता आकडा ते चुकलेलं. दोन्ही गट शीटभर नीट मिसळलेले असतील तर उलटं होतं. दोघांच्या वाट्याला लहानमोठे आकडे सारखेच येतात, दोन्ही सरासरी ३२.५ च्या आसपास सरकतात आणि खरा फरक पुसला जातो. ‘दोन गटांत काही फरक आढळला नाही’ हा निष्कर्षही असल्या सॉर्टची करामत असू शकतो.

अख्ख्या कॉलमची सरासरी बदलत नाही म्हटलं, त्याला दोन अपवाद आहेत. पहिला भागाकाराचा. समजा एकीचा महिन्याचा प्रवासखर्च ६०० रुपये आणि ती १० दिवस आली, दुसरीचा १२०० आणि ती २० दिवस आली. दोघींचा रोजचा खर्च ६०, सरासरी ६०. खर्चाचा कॉलम एकटाच उलटला तर १२०० भागिले १० म्हणजे १२०, आणि ६०० भागिले २० म्हणजे ३०. सरासरी ७५ झाली. एकूण खर्चही तोच, एकूण दिवसही तेच.

दुसरा अपवाद शीर्षकाचा. ‘मिनिटं’ हे कॉलमचं नावही सॉर्टमध्ये ओढलं गेलं तर चढत्या क्रमात आकडे आधी आणि अक्षरं नंतर येतात. नाव तळाला `C9` मध्ये जातं आणि सगळ्यात लहान आकडा, म्हणजे ५, `C1` मध्ये चढतो. `=AVERAGE(C2:C9)` त्या पाचला बाहेर ठेवतं, तळातल्या शब्दाकडे दुर्लक्ष करतं आणि २५५ भागिले ७, म्हणजे ३६.४३ दाखवतं. त्या मुलीची एकूण सरासरीही बदलली असेल तर आधी इथे बघावं.

एक्सेल आधी बजावतंच

कधीकधी. फक्त एका कॉलममधले सेल निवडून सॉर्ट केलं आणि शेजारी डेटा असला तर `Sort Warning` नावाची चौकट येते. तिच्यात `Expand the selection` आधीच निवडलेलं असतं, ते तसंच ठेवलं तर ओळी अख्ख्या हलतात. `Continue with the current selection` निवडलं की फक्त तो कॉलम हलतो. ‘मला हाच कॉलम सॉर्ट करायचाय’ असं मनात असलेला माणूस नेमका हाच दुसरा पर्याय निवडतो, कारण शब्द वाचताना तो बरोबर वाटतो. नवख्याला सापळा वाटावा अशीच ती भाषा आहे.

शिवाय ही चौकट प्रत्येक वेळी येत नाही. पाच कॉलमपैकी दोन-तीन एकत्र निवडून सॉर्ट केलं तर एक्सेल गप्प बसतं आणि तेवढेच कॉलम हलवतं. मध्ये एक कॉलम पूर्ण रिकामा असेल, बऱ्याच जणांना शीट सुटसुटीत दिसावं म्हणून तशी सवय असते, तर एक्सेलच्या लेखी डेटा तिथेच संपतो. डावीकडचा भाग हलतो, उजवीकडचा जागेवर राहतो. गूगल शीट्समध्ये तर एकच कॉलम निवडून `Sort range` दिलं की कुठलाही प्रश्न न विचारता तेवढाच कॉलम सॉर्ट होतो. तिथे `Sort sheet` दिलं तर अख्ख्या ओळी हलतात.

एक्सेलमध्ये यावर साधा बंदोबस्त आहे. डेटा आला की आतल्या एका सेलवर क्लिक करून `Ctrl+T` दाबायचं आणि त्याचं टेबल करून टाकायचं. मग शीर्षकाजवळच्या बाणावरून सॉर्ट केलं की टेबलातली ओळ अख्खीच हलते.

अनुक्रमांकावर परत सॉर्ट करायचं

या सल्ल्याने सर्वांत जास्त नुकसान होतं. अनुक्रमांक बाकीच्या कॉलमसोबत जागेवरच होता. एकटा हलला तो `C`, आणि त्याचा मूळ क्रम शीटमध्ये कुठेही लिहिलेला नाही. वरचे आठ आकडे वेगवेगळ्या २०,१६० प्रकारे मांडता येतात, त्यातली खरी मांडणी कोणती हे अनुक्रमांक सांगू शकत नाही. तो सोबत असताना अख्ख्या ओळी हलल्या असत्या, तरच त्याचा उपयोग झाला असता.

अनुक्रमांकावरचं सॉर्ट एका वेगळ्या कामाला मात्र उत्तम आहे: चोरी पकडायला. आधी फाइलची प्रत काढा. त्या प्रतीत सगळा डेटा निवडून अनुक्रमांकावर किंवा फॉर्मच्या `Timestamp` वर लावा आणि संशयित कॉलम वरून खाली वाचा. पायऱ्यांसारखा चढत गेलेला दिसला तर तो कधीतरी एकटा सॉर्ट झालेला आहे. दोनशे ओळींच्या शीटमध्ये १ ते ५ गुणांचा प्रश्न असेल तर सगळे एक, मग सगळे दोन, असे थर दिसतात. डोळ्यांवर भरवसा नसेल तर:

```
=SUMPRODUCT(--(C3:C9<C2:C8))
```

वरच्यापेक्षा खालचा आकडा लहान, असं किती वेळा झालं ते हे मोजतं. खऱ्या डेटात उत्तर ४ येतं, बिघडलेल्यात ०. उतरत्या क्रमाचा संशय असेल तर `<` च्या जागी `>` घाला. चूक झाली त्या क्षणी शीट नावावर लावलेलं असेल तर पायऱ्या अनुक्रमांकावर दिसणार नाहीत, नावावर लावल्यावर दिसतील.

परत मिळवायचं तर फाइल उघडी असेपर्यंत `Ctrl+Z`. फाइल बंद केली की ती वाट गेली. वनड्राइव्हवरच्या फाइलला `File > Info > Version History` आणि गूगल शीट्सला `File > Version history` आहे. तिथून सॉर्टच्या आधीची आवृत्ती मिळते. उत्तरं गूगल फॉर्मवरून आलेली असतील तर ती फॉर्ममध्येही वेगळी साठवलेली असतात, शीटमधल्या बदलाने तिथे काही बिघडत नाही. फॉर्मच्या `Responses` मधून `.csv` पुन्हा उतरवून घ्यायची.

कागदी फॉर्म असतील तर सगळा सर्व्हे परत भरायची गरज नाही. बिघडलाय एकच कॉलम, तेवढाच कागद बघून पुन्हा टाइप करायचा. मात्र त्यासाठी भरताना कागदाच्या कोपऱ्यात शीटमधला अनुक्रमांक लिहिलेला हवा. तो नसेल तर बाकीच्या उत्तरांवरून एकेक कागद ओळखत बसावं लागतं, आणि दोघांची बाकीची उत्तरं सारखी निघाली की तिथेच अडतं.