उशीर माफ, व्याज साफ

परवा आयकर कार्यालयातल्या साहेबांनी आईचं डिस्चार्ज कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "ऑपरेशन ऑगस्टमध्ये झालं, मग डिसेंबरपर्यंत रिटर्न भरायला काय झालं होतं?" मी म्हटलं, साहेब, दुसरं ऑपरेशन. ते म्हणाले, "त्याचा कागद कुठंय?" तो घरी राहिला होता. मग काय, बसा बाहेर.

प्रकरण एवढंच, की एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत बँकेत जाऊन व्याजावर कर कापू नका असं सांगणारा १५एच फॉर्म देणं आईला जमलं नाही, त्यामुळे बँकेने तिच्या १,८४,००० रुपये एफडी व्याजावर १० टक्के टीडीएस कापला, १८,४००. तिचं दुसरं उत्पन्न काहीच नाही आणि ज्येष्ठ नागरिकाला तेव्हा ३ लाखांपर्यंत कर नव्हता, म्हणजे हे सगळे पैसे परत यायचे. पण रिटर्न भरायच्या वेळी, जुलै २०२२ मध्ये, ती बाथरूममध्ये पडली, खुबा मोडला. ३१ डिसेंबरला उशिराच्या रिटर्नची पण मुदत गेली. पुढे घरातल्या कुणी तिचं २६एएस, म्हणजे कापलेल्या कराचा उतारा, उघडून बघितला तेव्हा कळलं की हे पैसे तिथेच पडून आहेत.

आता मुदत गेल्यावर पोर्टल तुमचं रिटर्न घेतच नाही. अपडेटेड रिटर्न भरा असं चार लोकांनी सांगितलं, पण त्यातून सरकारला जादा पैसे देता येतात, परत मागता येत नाहीत! मग उरतं कलम ११९(२)(ब), म्हणजे पोर्टलवर Condonation Request टाकून विनवणी करायची की उशीर माफ करा. असेसमेंट वर्ष, म्हणजे कमाईच्या पुढचं आर्थिक वर्ष, संपल्यापासून ५ वर्षांत ती करता येते, आईच्या बाबतीत ३१ मार्च २०२८ पर्यंत. आणि १ कोटीपर्यंतच्या क्लेमवर निर्णय घ्यायचा तो कमिशनरने. म्हणजे ९९ लाखवाला आणि आमची १८,४००वाली एकाच साहेबाच्या टेबलावर.

बाहेरच्या बाकावर एक काका बसले होते, सफारी सूट, मांडीवर रेक्झिनची पिशवी. न विचारता माझ्या हातातून अर्जाची कॉपी घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि वाचायला लागले. "पडल्या? नुसतं पडल्या काय लिहिता! कुठे, किती वाजता?" मी म्हटलं, काका, बाथरूममध्ये, सकाळी. "मग लिहा की. आणि 'प्रकृती ठीक नव्हती' हे आधी काढा, तसं सगळेच लिहितात." मग कळलं की ते तीस वर्षं एका सरकारी खात्यात लोकांचे रजेचे अर्ज नामंजूर करायचे. निवृत्त झाले तरी हात शिवशिवत होते.

"हे बघा," ते बोट नाचवत म्हणाले, "जुलै ते डिसेंबर झालं. जानेवारीपासून अर्ज टाकेपर्यंत काय केलंत? मधल्या प्रत्येक टप्प्याचा हिशेब द्यावा लागतो. मी असतो तर इथेच पकडला असता." एवढ्या प्रेमाने मला आजवर कुणी नामंजूर केलं नव्हतं. पण मुद्दा बरोबर होता हो, साहेबांनी आत नंतर तेच विचारलं. मग २६एएस कधी बघितलं ते, आई वॉकरवर किती दिवस होती ते, हे सगळं काकांच्या डिक्टेशनवर, त्यांच्याच पेनाने, एका पुरवणी पानावर लिहिलं.

मी विचारलं, तुमचं काय काम इथे? "माझं पण तेच," ते खाली बघत म्हणाले, "बायकोच्या आजारपणात रिटर्न राहिलं. माझ्या अर्जात नुसतं 'घरगुती अडचण' लिहिलंय." मी म्हटलं, काका, तुम्ही? ते म्हणाले, "स्वतःचं लिहवत नाही."

यानंतर चिडावं कशावर तेच कळेना, पण मला कारण सापडलं. अर्ज मंजूर झाला तरी या रिफंडवर मधल्या वर्षांचं व्याज मिळत नाही. कर देणं बाकी असताना रिटर्न उशिरा भरलं तर आपल्याकडून दरमहा १ टक्का, आणि आईचे पैसे वर्षानुवर्षं त्यांच्याकडे पडून, तर शून्य.

निर्णय साधारण सहा महिन्यांत द्यायचा असं ऑक्टोबर २०२४च्या सर्क्युलरमध्ये आहे. मंजूर झालं की त्या ऑर्डरचा नंबर टाकून मग मूळ रिटर्न भरायचं, म्हणजे जिथून सुरुवात व्हायला हवी होती तिथे आपण तेव्हा पोचतो. पैसे यायला खातं पोर्टलवर व्हॅलिडेट असावं लागतं, म्हणून काल ते बघायला गेलो. आईची बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झालीय, आयएफएससी बदललाय, आणि पोर्टलवर दिसतंय, व्हॅलिडेशन फेल.